भाव १,२६,०००, तरी पट्टा आधीपेक्षा खाली: बिटकॉइन ताणला गेलाय हे एमव्हीआरव्हीवरून कसं ओळखायचं?

मंजिरी_नाशिक

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं मी दर रविवारी एका शीटमध्ये बिटकॉइनचे तीन आकडे लिहून ठेवते: बाजारभाव, रिअलाइज्ड प्राइस, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारं एमव्हीआरव्ही. सगळं डॉलरमध्ये. शीटमध्ये रिअलाइज्ड प्राइसच्या ०.८, १, २.४ आणि ३.२ पट अशा चार रेषा काढल्या आहेत. बऱ्याच चार्टवर हेच पट्टे दिसतात, मी तिथूनच घेतले. १ च्या खाली स्वस्त, २.४ च्या वर सावध, ३.२ च्या वर अती झालं, असा माझा ढोबळ वाचनाचा नियम.

आता अडचण सांगते. १७ डिसेंबर २०२४ च्या आसपास भाव १,०८,००० होता, रिअलाइज्ड प्राइस साधारण ३९,०००. गुणोत्तर सुमारे २.७५. त्या दिवशी मी शीटमध्ये लिहून ठेवलं की ३.२ चा पट्टा १,२५,००० ला आहे, तिथे आला की थोडं विकायचं. ६ ऑक्टोबर २०२५ ला भाव १,२६,००० ला टेकला. पण तोवर रिअलाइज्ड प्राइस ५४,५०० च्या घरात गेली होती, त्यामुळे माझा पट्टा १,७४,००० वर जाऊन बसला होता आणि गुणोत्तर जेमतेम २.३ होतं. म्हणजे जुन्या रेषेप्रमाणे अती झालेलं, नव्या रेषेप्रमाणे "सावध"सुद्धा नाही. मी विकलं नाही. नोव्हेंबरात तोच भाव ऐंशी हजारांच्या आसपास आला.

विकलं नाही याचं दुःख करत बसलेले नाही. मला एवढंच समजून घ्यायचंय: भाव वाढत असताना गुणोत्तर घटत असेल तर ताण वाढला म्हणायचा की कमी झाला?

---

रोहन_के

मंजिरी, तुमचं वाचन बरोबरच होतं असं मला वाटतं. हे गुणोत्तर मांडणाऱ्यांनीच ३.७ ही वरची रेषा दिली आहे. आजवरचे सगळे मोठे टॉप त्याच्या वरच झाले: २०१३ ला जवळपास ६, २०१७ ला पावणेपाच, २०२१ ला चारच्या जवळ. या वेळी ३ सुद्धा आलं नाही. म्हणजे ऑक्टोबरचा तो टॉप नाही, मधला थांबा आहे. खरा ताण अजून यायचाय.

---

वाघोलीकर

रोहन, २०२१ चं तुम्ही अर्धंच घेतलंत. गुणोत्तर चारच्या जवळ गेलं ते फेब्रुवारीत, भाव ५७-५८ हजार असताना. एप्रिलमध्ये भाव ६४ हजारांच्या वर गेला तेव्हा ते आधीच उतरलेलं होतं. आणि त्या चक्राचा सर्वात वरचा भाव, ६९,०००, आला नोव्हेंबर २०२१ मध्ये. तेव्हा रिअलाइज्ड प्राइस २४ हजारांच्या आसपास होती, म्हणजे गुणोत्तर २.८. त्या नोव्हेंबरात "३.७ आलं नाही, अजून बाकी आहे" असं म्हणून थांबलेल्यांनी पुढच्या नोव्हेंबरात १५-१६ हजार पाहिले.

मुराद महमूदोव आणि डेव्हिड पुएल यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये हे गुणोत्तर मांडलं, तेव्हा त्यांच्यापुढे २०११, २०१३ आणि २०१७ एवढीच शिखरं होती. तीन टेकड्या बघून चौथीची उंची सांगता येत नाही. त्यांनी रेषा काढली यात चूक नाही. आपण तिला कायमची समजलो, ती चूक.

मंजिरी, तुमचा प्रश्न जास्त खोल आहे, त्याचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. सविस्तर लिहितो, रात्री.

---

सुलभा६१

माझी एक शंका. मी बँकेतून निवृत्त झाले आहे, मुलाने मला थोडं बिटकॉइन घेऊन दिलंय. रिअलाइज्ड प्राइस म्हणजे आपण विकल्यावर जी किंमत हातात पडते ती ना? मग आयटीआरमध्ये हीच दाखवायची का? माझ्या एक्सचेंजच्या स्टेटमेंटमध्ये हा आकडा कुठेच नाही.

---

मंजिरी_नाशिक

सुलभाताई, नाही, हा तुमच्या व्यवहाराचा आकडा नव्हे. संपूर्ण बिटकॉइनच्या नोंदवहीत प्रत्येक नाणं शेवटचं ज्या दिवशी हललं त्या दिवशीचा भाव त्याला चिकटवायचा, सगळ्यांची बेरीज करायची, आणि एकूण नाण्यांनी भागायचं. साधारण सगळ्यांची मिळून सरासरी खरेदी किंमत म्हणा. आयटीआरमध्ये तुमची स्वतःची खरेदी आणि तुमची स्वतःची विक्री, एवढंच.

---

सुलभा६१

समजलं. म्हणजे घरातलं सगळं सोनं आजच्या दराने न मोजता, आजीच्या पाटल्या तिच्या लग्नाच्या साली जो दर होता त्याने, माझं मंगळसूत्र माझ्या साली, सुनेचा हार परवाच्या दराने, अशी बेरीज. बँकेत आम्ही पुस्तकी किंमत म्हणायचो तसं.

---

वाघोलीकर

सुलभाताईंनी उत्तम सांगितलं, आणि तेच पुढे वापरतो. त्या बेरजेत एक मोठी खोच आहे. आजीच्या पाटल्या विकल्या नाहीत, फक्त एका लॉकरमधून दुसऱ्यात ठेवल्या, तरी नोंदवहीला ते हलणंच दिसतं. त्या दिवसापासून पाटल्यांवर आजचा दर लागतो. यावर नंतर येतो.

आधी मंजिरींचा प्रश्न. डिसेंबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ मध्ये भाव १८ हजार डॉलरने वाढला. साधारण १.९९ कोटी नाण्यांनी गुणलं तर बाजारमूल्य ढोबळ ३६० अब्ज डॉलरने वाढलं. त्याच काळात रिअलाइज्ड प्राइस ३९,००० वरून ५४,५०० झाली, म्हणजे रिअलाइज्ड मूल्य ३१० अब्जांनी वाढलं. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. वाढलेल्या बाजारमूल्याच्या तोडीस तोड रक्कम पुस्तकात चढली. स्वस्तात घेऊन ठेवलेली नाणी बाहेर आली आणि नव्या माणसांनी ती लाख-सव्वा लाखाच्या भावाने घेतली.

आता उलट बाजू बघा. जुने धारक नाणं सोडत नाहीत, थोड्याशा उलाढालीवर भाव उसळतो, पुस्तकी किंमत मागे राहते. तेव्हा गुणोत्तर फुगतं. २०१३ ला तेच झालं, बाजार लहान होता, थोड्या पैशाने भाव कुठल्या कुठे गेला. म्हणून गुणोत्तराचा उच्चांक हा कागदावरच्या न घेतलेल्या नफ्याचा उच्चांक असतो. भावाचा उच्चांक नंतर येऊ शकतो, कारण मधल्या काळात तो नफा हळूहळू घेतला जातो.

तर तुमचं उत्तर: विकायला टपलेला न घेतलेला नफा, या अर्थाचा ताण डिसेंबर २०२४ ला जास्त होता. ऑक्टोबर २०२५ ला तो कमी होता, पण त्याचं कारण असं की तो नफा घेऊन लोक निघून गेले होते आणि त्यांच्या जागी महागात घेतलेले लोक बसले होते. त्या लोकांकडे पडझडीत तग धरायला उशी नसते. हा वेगळ्या जातीचा धोका आहे आणि एमव्हीआरव्ही तो मोजत नाही.

---

रोहन_के

हे पटलं, विशेषतः ३६० आणि ३१० ची तुलना. मी २०२१ चा फेब्रुवारी आणि नोव्हेंबर एकच समजत होतो.

पण मग दुसरा मुद्दा मांडतो. जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत स्पॉट ईटीएफ आहेत. तिथली खरेदी-विक्री बिटकॉइनच्या नोंदवहीत, म्हणजे साखळीवर, येतच नाही. म्हणजे ईटीएफमधली सगळी नाणी या हिशेबाच्या बाहेर आहेत आणि गुणोत्तर आता निकामी झालंय, असं नाही का?

---

वाघोलीकर

निम्मं बरोबर. ईटीएफमध्ये नवा पैसा येतो तेव्हा फंडासाठी नाणी घेतली जातात आणि ती कस्टोडियनच्या पत्त्यावर जातात. ते साखळीवर दिसतं, त्यांना त्या दिवसाचा भाव लागतो. त्यानंतर तो शेअर दहा हातांतून फिरला तरी नाणं जागेवरच. म्हणजे ६० हजारांना नाणं आत गेलं, शेअर शेवटी १,२०,००० च्या भावात कोणाच्या तरी हातात आहे, पण पुस्तक ६० हजारच म्हणतं. एक्सचेंजच्या आत हेच पहिल्यापासून होतंय, ते ईटीएफने आणलेलं नवं काही नाही. वाटा वाढलाय, एवढं खरं.

त्यामुळे पुस्तकी किंमत खऱ्या मालकाच्या खरेदीपेक्षा चढत्या बाजारात कमी दाखवली जाते. किती कमी, ते साखळीवरून कळत नाही.

---

दर्यावर्दी

माझा अनुभव सांगतो. बोटीवर असतो, सहा-सहा महिने. २०१९ मध्ये साधारण ८ हजार डॉलरच्या भावाने थोडं घेतलं होतं, ते एका एक्सचेंजवर पडून होतं. २०२४ च्या सुट्टीत रत्नागिरीला आलो तेव्हा हार्डवेअर वॉलेट घेऊन सगळं तिकडे हलवलं. भाव ६० हजारांच्या वर होता. मी एक रुपयाचं विकलं नाही. मग माझी नाणी या हिशेबात ८ हजारांची की ६० हजारांची?

---

वाघोलीकर

साध्या हिशेबात ६० हजारांची. आणि कदाचित ८ हजारांची ती कधीच नव्हती, कारण एक्सचेंजवर असताना ती त्यांच्या सामाईक पत्त्यांत होती आणि एक्सचेंज ते पत्ते आपल्या सोयीने झाडतं-आवरतं. प्रत्येक आवरण्यात त्या दिवसाचा भाव चिकटतो.

एकट्याच्या नाण्यांनी काही हलत नाही, पण मोठं उदाहरण ताजं आहे. ४ जुलै २०२५ ला आठ जुन्या पाकिटांतून प्रत्येकी १०,००० अशी ८०,००० नाणी चौदा वर्षांनी हलली. २०११ ला त्यांचा भाव काही डॉलर एवढाच होता. त्या दिवशी बाजारभाव सुमारे १,०८,०००. विक्री झालेली नव्हती, फक्त नव्या पत्त्यांवर गेली. तरी पुस्तकात एका दिवसात ८०,००० गुणिले १,०८,००० म्हणजे ८.६४ अब्ज डॉलर चढले. १.९९ कोटींनी भागा: रिअलाइज्ड प्राइस सुमारे ४३४ डॉलरने वर. गॅलेक्सी या कंपनीने ग्राहकासाठी ही नाणी विकून झाल्याचं २५ जुलैला जाहीर केलं. म्हणजे पुस्तकाने विक्री तीन आठवडे आधीच नोंदवून टाकली होती.

४३४ म्हणजे त्या वेळच्या ५० हजारांच्या जवळपास असलेल्या रिअलाइज्ड प्राइसच्या एक टक्काही नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण दिशा लक्षात ठेवा. अशी अंतर्गत हालचाल गुणोत्तराला सहसा १ कडे ओढते. भाव पुस्तकी किमतीच्या वर असताना जुनं नाणं हललं की पुस्तक वर येतं, पडत्या बाजारात महागात घेतलेलं नाणं नुसतं हललं तरी पुस्तक खाली येतं. दोन्हीकडे ताण खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

ओळखायचं कसं? रिअलाइज्ड मूल्याचा रोजचा बदल काढा. एखाद्या दिवशी तो अचानक उभा राहिला, आणि त्या दिवशी एक्सचेंजवरची उलाढाल मात्र नेहमीसारखी असेल, तर बहुधा कोणीतरी लॉकर बदललाय. काही डेटा कंपन्या एकाच मालकाचे पत्ते एकत्र धरून अशा हालचाली वगळतात, पण पत्त्यांचा मालक कोण हा त्यांचा अंदाज असतो. त्यामुळे दोन साइटवरचे आकडे जुळले नाहीत तर तुमची चूक समजू नका.

---

आकडेमोड

जर्मनीतून वाचतोय, उशिरा आलो. वाघोलीकर, हरवलेल्या नाण्यांबद्दल बोलायला हवं. जी नाणी काही सेंट किंवा शून्याच्या भावावर पडून आहेत आणि कधीच हलणार नाहीत, ती भाजकात बसलेली आहेत. समजा अशी ३० लाख नाणी आहेत. हा अंदाजच, नेमका आकडा कोणालाच काढता येत नाही. ५४,५०० गुणिले १.९९ कोटी एवढी पुस्तकी रक्कम उरलेल्या १.६९ कोटी नाण्यांत वाटली तर जिवंत नाण्यांची सरासरी ६४,००० च्या थोडी वर येते. म्हणजे १,२६,००० ला जिवंत धारकांसाठी गुणोत्तर २.३ नव्हे, १.९६ होतं.

म्हणूनच खालची रेषा नेमकी १ वर आहे असं मानू नये. पडझडीत भाव रिअलाइज्ड प्राइसला टेकतो तेव्हा जिवंत धारक सरासरीने आधीच बऱ्यापैकी तोट्यात असतात.

---

वाघोलीकर

बरोबर, आणि २०२२ त्याचंच उदाहरण. जूनच्या मध्यात भाव रिअलाइज्ड प्राइसखाली गेला, जुलै-ऑगस्टमध्ये थोडा वर डोकावला, आणि जानेवारी २०२३ पर्यंत बहुतेक काळ खालीच राहिला. नोव्हेंबरच्या तळाला भाव १५,८०० च्या आसपास, रिअलाइज्ड प्राइस २० हजारांच्या किंचित वर, गुणोत्तर पाऊणच्या जरा वर. २०१८ च्या डिसेंबरात ०.७ पर्यंत गेलं होतं. मार्च २०२० मध्ये मात्र काही दिवसांचाच खेळ, आणि ०.८ च्या खाली टिकलं नाही.

तुलना केली तर खालची बाजू शिखरांपेक्षा खूप जवळजवळ आहे. शिखरं ६, ४.७, ४, २.८ अशी घसरत गेली, २०१८ पासूनचे तळ मात्र ०.७ ते ०.८५ यातच. कारण तोट्याला एक नैसर्गिक मर्यादा आहे: ज्यांना विकायचं असतं ते विकून मोकळे होतात, उरलेले विकत नाहीत. नफ्याला तशी मर्यादा नाही. म्हणून मी स्वतः खालच्या रेषांवर भरवसा ठेवतो आणि वरच्या रेषांना फक्त माहिती समजतो.

---

आकडेमोड

इथे मी थोडा वेगळा आहे. वरची बाजू सोडून द्यायची गरज नाही, रेषा सोडा. ३.२ किंवा ३.७ असा कायमचा आकडा न धरता मागच्या चार वर्षांत आजचं गुणोत्तर कितव्या जागी बसतं ते बघा. कॉइन मेट्रिक्सच्या मोफत फाइलमध्ये भाव आणि एमव्हीआरव्ही असतं, रिअलाइज्ड प्राइस भागाकाराने काढता येते:

```python
import pandas as pd
d = pd.read_csv("btc.csv", parse_dates=["time"], index_col="time")
d["rp"] = d["PriceUSD"] / d["CapMVRVCur"]
d["rank"] = d["CapMVRVCur"].rolling(1460).rank(pct=True)
print(d[["PriceUSD", "rp", "CapMVRVCur", "rank"]].tail(30))
```

`rank` ०.९५ असेल तर मागच्या चार वर्षांतल्या १०० पैकी ९५ दिवसांपेक्षा आज ताण जास्त. यात महत्त्वाचं म्हणजे `rolling`. संपूर्ण इतिहासावर एकदाच क्रम लावला तर २०१७ च्या दिवसाला २०२१ आणि २०२४ माहीत असल्यासारखं होतं, आणि मागे वळून पाहताना पद्धत आहे त्यापेक्षा फार हुशार दिसते. मी स्वतः सुरुवातीला तसंच केलं होतं आणि आठवडाभर खुशीत होतो.

---

मंजिरी_नाशिक

आकडेमोड, तुमचा कोड चालवला. एक गोष्ट खटकली. चार वर्षांच्या खिडकीत डिसेंबर २०२४ जवळजवळ टोकावर येतो, ते ठीक. पण त्या खिडकीत २०२२ चं अख्खं मंदीचं वर्ष आणि २०२३ चा संथ काळ आहे, म्हणून २.७५ मोठं दिसतं. २०२१ चे पहिले महिने खिडकीबाहेर पडले की २.३ सुद्धा मोठं दिसायला लागतं. म्हणजे रेषा घसरते कारण आठवण घसरते. हे बाजाराबद्दल सांगतंय की खिडकीबद्दल?

---

आकडेमोड

दोन्हींबद्दल, आणि ते वेगळं करायची स्वच्छ पद्धत माझ्याकडे नाही. खिडकी दोन वर्षांची केली तर दर तेजीत लवकर घंटा वाजते, आठ केली तर २०१७ चं भूत मध्ये येतं. चार घेतलं कारण हाल्व्हिंग चार वर्षांनी होतं, यापेक्षा जास्त समर्थन देता येणार नाही.

---

वाघोलीकर

मंजिरींचा आक्षेप योग्य आहे. मी म्हणून एक आकडा सोबत ठेवतो: मागच्या १५५ दिवसांत हललेल्या नाण्यांची वेगळी रिअलाइज्ड प्राइस. नव्या गिऱ्हाइकाची खरेदी म्हणा. ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला ती १,१०,००० च्या थोडी वर होती. म्हणजे १,२६,००० च्या भावाला नवं गिऱ्हाईक जेमतेम बारा-तेरा टक्के नफ्यात. भाव त्या रेषेखाली गेला तेव्हा सगळ्या नव्या खरेदीदारांचा गट एकदम तोट्यात गेला, आणि पुढचे आठवडे तुम्ही पाहिलेत. एकूण गुणोत्तर तेव्हा अजून २ च्या आसपास होतं, ते शांतपणे "ताण नाही" म्हणत होतं.

म्हणजे वर मी जो दुसऱ्या जातीचा धोका म्हटला, तो या रेषेवर दिसतो. पण ही रेषा भावाला चिकटून चालते, वर-खाली वारंवार ओलांडली जाते. तिच्यावर विक्रीचे नियम बांधले तर उलटसुलट व्यवहारांत दमछाक होईल.

---

सुलभा६१

माझा प्रश्न चुकीच्या जागी होता, पण त्यातून एक हिशेब सुचला तो सांगते. तुम्ही सगळे "ताणला की विकायचं, उतरला की परत घ्यायचं" असं बोलताय. आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून यावर ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. तोटा दुसरीकडे वजा करता येत नाही.

समजा एक दशांश बिटकॉइन २ लाखांना घेतला आणि ८ लाखांना विकला. नफा ६ लाख, कर १,८७,२००. हातात उरले ६,१२,८००. १ टक्का टीडीएस वेगळा कापतात पण तो करात वळता होतो. आता तेवढंच नाणं परत घ्यायचं तर भाव ८ वरून ६.१२८ लाखांच्या खाली यायला हवा, म्हणजे २३.४ टक्क्यांहून जास्त पडायला हवा. तेव्हा कुठे विकून परत घेण्यात एका पैशाचा फायदा सुरू होतो. सरचार्जच्या टप्प्यात असाल तर आणखी जास्त.

---

मंजिरी_नाशिक

सुलभाताई, हा माझ्या शीटमध्ये नव्हताच. म्हणजे माझ्यासाठी "ताणलेलं" याचा अर्थ बदलतो. पुढे पंधरा टक्के पडेल एवढा ताण मला उपयोगाचा नाही. चोवीस टक्क्यांहून मोठी पडझड शक्य वाटेल इतका ताण हवा. आणि ज्याची खरेदी जुनी आणि स्वस्त, त्याच्यासाठी हा उंबरठा सर्वात उंच.

---

दर्यावर्दी

८ हजार डॉलरच्या खरेदीवर आणि १,०८,००० च्या विक्रीवर मांडून पाहिलं. डॉलरचा दर वाढलाय तो बाजूला ठेवला तरी माझा उंबरठा जवळपास २९ टक्के. तोटा वाटून घेणारं कोणी नाही, तर बसून राहणंच सोपं.

---

रोहन_के

माझी खरेदी नोव्हेंबर २०२१ ची, साधारण ५० लाख एका नाण्याला. मला उलट सोपं जातं, नफाच कमी. पण मला एक विचारायचंय. डॉलरमधली रिअलाइज्ड प्राइस आणि माझी रुपयातली खरेदी यांची तुलना कशी करायची? तेव्हा डॉलर ७४-७५ ला होता.

---

वाघोलीकर

तुलना करायचीच नाही. पट्टा बाजाराबद्दल आहे, तो डॉलरमध्येच वाचा, कारण प्रत्येक नाण्याला डॉलरचाच भाव चिकटवलेला आहे. आजच्या डॉलरदराने रिअलाइज्ड प्राइसला गुणून रुपयाचा पट्टा काढला तर २०२१ ला हललेल्या नाण्यांनाही आजचा दर लागतो, आणि तो आकडा कुणाचीच खरेदी नसतो. विकायचं की नाही हा हिशेब मात्र पूर्ण रुपयात, सुलभाताईंनी मांडला तसा.

---

आकडेमोड

इथरसाठी हे सगळं चालेल का, हे कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: आकडे मिळतात, पण मी त्यावर पट्टे काढत नाही. बिटकॉइनमध्ये प्रत्येक तुकड्याला स्वतःचा जन्मदिवस असतो. इथरमध्ये खात्यात एकच शिल्लक असते. दहा वेळा वेगवेगळ्या भावाने आलेल्यातून तीन बाहेर गेले तर ते कोणते तीन, हे गणित करणाऱ्याने ठरवायचं. शिवाय मोठा साठा स्टेकिंग कराराच्या पत्त्यावर, तिथे गेला त्या दिवशीच्या भावाने.

---

वाघोलीकर

यावर पूर्ण सहमत नाही. पद्धत एकदा ठरवून सातत्याने वापरली तर तळाची रेषा इथरवरही वाचता येते. वरच्या रेषांबद्दल मात्र तुमचंच खरं. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे मंजिरींचं राहून जाईल.

---

मंजिरी_नाशिक

राहत नाही. शीट बदलली, कशी ते लिहिते म्हणजे चूक असेल तर सांगाल. ३.२ ची रेषा पुसली. तिच्या जागी आता दोन स्तंभ: मागच्या ९० दिवसांत बाजारमूल्य किती वाढलं आणि रिअलाइज्ड मूल्य किती वाढलं. पहिलं खूप पुढे असेल तर न घेतलेला नफा साठतोय. दोन्ही जवळजवळ सारखे धावत असतील तर नाणी हात बदलतायत, आणि तेव्हा १५५ दिवसांची रेषा बघायची. खाली १ आणि ०.८ तशाच ठेवल्या. शेवटच्या स्तंभात माझा कराचा उंबरठा, २४ टक्के.

एकच कळत नाहीये. ४ जुलैसारखा दिवस ९० दिवसांच्या खिडकीत आला की दुसरा स्तंभ ८.६४ अब्जांनी खोटा फुगतो. तो हाताने वजा करावा का? तसं केलं तर २५ जुलैपर्यंत खरी विक्री झाली, ती पुन्हा कुठल्या दिवशी आणि कुठल्या भावाने घालायची?

---

वाघोलीकर

वजा करू नका. ती नाणी दुसऱ्यांदा हलली तेव्हा बाजारभाव १,१५,००० च्या वर होता, म्हणजे पुस्तकात फक्त फरकाएवढेच डॉलर प्रति नाणं चढले. हाताने काढलेलं परत घालताना तुम्ही ते चुकवाल. त्या दिवसावर फक्त खूण करून ठेवा. तीन आठवड्यांची चूक ९० दिवसांच्या खिडकीत विरून जाते, ३० दिवसांच्या खिडकीत मात्र नाही.

---

आकडेमोड

मी हाताने वजा करून एकदा चालवून बघतो, दोन्ही आलेख टाकतो शनिवारी.